पोटगीचा आदेश झाला, पण पैसे थांबले: वसुलीचा अर्ज, पगारातून कपात आणि वॉरंट

आदेशानंतर काही महिने पोटगी वेळेवर येते, मग एखाद्या महिन्यात अर्धीच येते आणि त्यानंतर बँकेचा संदेश येणेच बंद होते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात वसुलीसाठी येणाऱ्या बहुतेक जणींची हकीकत अशीच असते आणि माझीही तशीच होती. पैसे थांबले तरी न्यायालय स्वतःहून काही करत नाही. आदेशाच्या अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जात जे मागितले असेल त्याचाच विचार होतो. म्हणून काय मागायचे, कोणत्या क्रमाने मागायचे आणि केव्हापर्यंत मागायचे हे आधी कळले तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

हा लेख मुख्यतः नोकरदार पतीविषयी आहे. पोटगी बुडवणाऱ्याला तुरुंगात पाठवणे हा पहिला उपाय आहे असा समज सर्रास आढळतो. माझे मत अनुभवाने उलट झाले आहे. पती पगारदार असेल तर आधी पगार धरावा, वॉरंट दबावासाठी वापरावे आणि तुरुंगवासाची मागणी शेवटी ठेवावी. त्याची कायदेशीर कारणे पुढे ओघाने येतील.

1. आदेश कोणत्या कायद्याखाली झाला आहे, ते पाहा

आदेशाच्या पहिल्या पानावर अर्जाचा क्रमांक आणि कलम लिहिलेले असते. वसुलीचा मार्ग त्यावर ठरतो, त्यामुळे ते आधी वाचा.

आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली असेल, किंवा 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली असेल, तर वसुलीची तरतूद त्याच कलमाच्या पोटकलम 3 मध्ये आहे. आदेश जुन्या संहितेखाली झालेला असला तरी तो रद्द होत नाही. अर्जात जुने आणि नवे अशी दोन्ही कलमे लिहावीत, म्हणजे क्रमांकावरून हरकत निघत नाही. आदेश कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली असेल तर त्याच्या कलम 20 मधील पोटकलम 6 नुसार न्यायदंडाधिकारी थेट मालकाला पगाराचा भाग तुम्हाला देण्याचा किंवा न्यायालयात जमा करण्याचा हुकूम देऊ शकतात. आदेश हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर कलम 28-अ प्रमाणे तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल होतो आणि त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते.

एकाच वेळी दोन कायद्यांखाली पोटगी मिळाली असेल तर दोन्ही आदेश अर्जासोबत जोडा आणि एका आदेशातील रक्कम दुसऱ्यात वळती होते की नाही, हे आदेशातील वाक्य पाहूनच हिशेब मांडा. ही गोष्ट लपवली तर पहिल्याच पेशीला विरुद्ध बाजूचे वकील ती उघड करतात आणि नंतर तुमच्या खऱ्या हिशेबावरही संशय घेतला जातो.

पुढचा मजकूर कलम 125 किंवा 144 च्या आदेशाला धरून आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक आदेश त्याच कलमाखाली होतात.

2. एक वर्षाची मुदत प्रत्येक महिन्यासाठी वेगळी मोजा

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट काढता येत नाही, असे कलमातच म्हटले आहे. हे वर्ष एकूण थकबाकीसाठी एकदम मोजले जात नाही. प्रत्येक महिन्याची पोटगी ज्या दिवशी देय होते, त्या दिवसापासून त्या महिन्याचे वर्ष सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. पत्नीला 8,000 आणि मुलीला 4,000 अशी दरमहा 12,000 रुपये पोटगी ठरली आहे आणि ती प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायची आहे. जुलै 2024 पर्यंत पूर्ण रक्कम आली, ऑगस्टमध्ये 5,000 आले आणि सप्टेंबरपासून काहीच आले नाही. अर्ज 20 जून 2025 रोजी केला, तर ऑगस्टचे राहिलेले 7,000 आणि सप्टेंबर 2024 ते जून 2025 या दहा महिन्यांचे 1,20,000, असे एकूण 1,27,000 रुपये मागता येतात आणि त्यातला प्रत्येक रुपया मुदतीत आहे.

तोच अर्ज 20 सप्टेंबर 2025 रोजी केला असता, तर थकबाकी वाढून 1,63,000 झाली असती. पण ऑगस्ट 2024 चे 7,000 आणि सप्टेंबर 2024 चे 12,000 यांचे वर्ष उलटून गेले असते. म्हणजे वॉरंटच्या मार्गाने 1,44,000 रुपयेच मागता आले असते आणि 19,000 त्या मार्गातून निसटले असते.

मुदत गेलेली रक्कम कायमची बुडते असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये पूनगोडी विरुद्ध तंगवेल या प्रकरणात स्पष्ट केले आहे की मुदतीमुळे वॉरंटचा आणि कैदेचा मार्ग बंद होतो, पोटगीवरचा हक्क संपत नाही आणि दिवाणी मार्ग मोकळा राहतो. पण तो मार्ग लांबचा आहे, म्हणून तीन-चार महिने थकले की अर्ज करणे शहाणपणाचे. "आज देतो, उद्या देतो" असे फोन येतात, नातेवाईक मध्ये पडतात, दिवाळीनंतर एकदम देण्याचे ठरते. या बोलण्याने मुदत एक दिवसही वाढत नाही.

मुदतीत केलेला अर्ज चालू असताना पुढचे महिनेही थकत गेले, तर त्यांची मागणी त्याच प्रकरणात जादा अर्ज देऊन वाढवता येते. मी मात्र ती मागणी दर काही महिन्यांनी लेखी देत राहण्याचा सल्ला देईन, कारण तोंडी सांगितलेली थकबाकी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, येईलच असे नाही.

पोटगीच्या मूळ अर्जाच्या तारखेपासून आदेशाच्या तारखेपर्यंतची मागची रक्कम बहुतेक आदेशांत एकदम देय होते. तिच्यासाठी वर्ष मोजताना वादात न पडता आदेशाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आतच वसुलीचा अर्ज करावा.

3. कागद जमवा

अर्जाला फार कागद लागत नाहीत, पण जे लागतात ते नेमके हवेत.

- आदेशाची प्रमाणित नक्कल. ज्याच्या बाजूने पोटगीचा आदेश झाला, त्याला ती शुल्क न घेता देण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम 147 मध्ये आहे. दोन प्रती मागून घ्या. एक अर्जाला लागते आणि दुसरी पुढे दुसऱ्या न्यायालयात जावे लागले तर उपयोगी पडते.
- पोटगी ज्या खात्यात जमा होते, त्याचा आदेशाच्या तारखेपासून आजपर्यंतचा बँकेचा उतारा, बँकेच्या शिक्क्यासह. आलेल्या रकमांवर खूण करून ठेवा.
- थकबाकीचा तक्ता. त्यात महिना, देय तारीख, देय रक्कम, आलेली रक्कम, ती कोणत्या तारखेला आली आणि बाकी, असे रकाने असावेत. हा तक्ता शपथपत्रासोबत द्या.
- पतीचा सध्याचा राहण्याचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, पदनाम आणि मिळत असेल तर पगारपत्रक. मूळ प्रकरणात त्याने मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र दिले असेल तर त्याची नक्कल अवश्य काढा, कारण त्यात मालक, पगार आणि बँकखाती त्याच्याच सहीने लिहिलेली असतात.
- तुमचे ओळखपत्र आणि बँकखात्याचा तपशील.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला आणि मुले उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकिलासाठी पात्र असतात. त्यामुळे तिथे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडवले गेले, तर हे कलम नम्रपणे दाखवावे.

4. अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा

कलम 144(3) मध्ये वसुली दंडाच्या वसुलीप्रमाणे करायची असते, म्हणजे संहितेच्या कलम 461 प्रमाणे जंगम मालमत्तेच्या जप्तीचे व विक्रीचे वॉरंट, किंवा जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट. या कलमात पगाराचा स्पष्ट उल्लेख नाही आणि अजून हातात न आलेला पुढच्या महिन्यांचा पगार जंगम मालमत्तेत मोडतो का, यावर वाद घातला जातो. विरुद्ध बाजू हाच मुद्दा धरून पगारकपातीला हरकत घेते.

त्यावरचे उत्तर 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा, दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमे 51, 55, 58, 60 आणि आदेश 21 वापरून वसूल करता येईल असे म्हटले आहे. म्हणून अर्जात पहिली मागणी कलम 144(3) आणि 461 प्रमाणे वसुली वॉरंटची लिहा, आणि दुसरी मागणी या निकालाचा आधार देऊन कलम 60 व आदेश 21 प्रमाणे पगारातून कपातीची लिहा. "योग्य ती कारवाई व्हावी" एवढेच लिहिलेला अर्ज पहिल्या काही पेशा नोटिशीतच घालवतो.

पगारकपातीच्या मागणीत चालू महिन्याची पोटगी आणि थकबाकीचा हप्ता अशा दोन रकमा स्वतंत्रपणे मागा. केवळ थकबाकी मागितली तर ती फिटल्यावर कपात थांबते आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता.

5. पगार नेमका कोण देतो, हे शोधा

कपातीचा आदेश पतीला नव्हे, तर पगार काढणाऱ्याला उद्देशून असतो. सरकारी कार्यालयात त्याला आहरण व संवितरण अधिकारी म्हणतात. खासगी कंपनीत हे काम मनुष्यबळ किंवा लेखा विभागाकडे असते. आदेश व्यक्तीच्या नावाने न काढता पदनामाने काढून घ्यावा, कारण अधिकारी बदलला की नावाचे पत्र फिरत राहते.

नागपूरच्या परिसरात एक फसगत फार होते. पती कोराडीच्या वीज केंद्रात, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा मिहानमध्ये काम करतो एवढेच आपल्याला ठाऊक असते. गळ्यातले ओळखपत्र त्या मोठ्या आस्थापनेचे असते, पण पगार देणारा कंत्राटदार वेगळा असतो. आदेश मोठ्या आस्थापनेच्या पत्त्यावर जातो आणि "सदर इसम आमच्या आस्थापनेवर कार्यरत नाही" असे दोन ओळींचे उत्तर न्यायालयात येते, जे तांत्रिकदृष्ट्या खरे असते. पगारपत्रकाच्या माथ्यावर किंवा बँकेच्या उताऱ्यात पगार जमा करणाऱ्याचे जे नाव छापलेले असते, तोच खरा मालक. हे कागद हाती नसतील, तर पतीने चालू पगारपत्रक आणि सहा महिन्यांचा बँक उतारा हजर करावा, असा आदेश मागणारा छोटा अर्ज वसुली अर्जासोबतच द्या.

दुसरा फरक सरकारी आणि खासगी नोकरीचा आहे. सरकार, रेल्वे किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचा कर्मचारी असेल तर आदेश 21 चा नियम 48 लागू होतो आणि पगार काढणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीबाहेर असला तरी आदेश देता येतो. रेल्वेचा कर्मचारी नागपूरला काम करतो आणि त्याचा पगार बिलासपूरहून निघतो, तरी अडचण येत नाही. खासगी नोकरीला नियम 48-अ लागतो आणि तिथे पगार काढणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. पती नागपुरात बसून पुण्याच्या कंपनीचा पगार घेत असेल आणि कंपनीचे नागपुरात पगार काढणारे कार्यालय नसेल, तर हाच मुद्दा पुढे केला जातो. अशा वेळी आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन कलम 147 प्रमाणे पती ज्या ठिकाणी असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अंमलबजावणी मागता येते. तिथे माणूस तोच आहे आणि पैसे दिले नाहीत, एवढ्या दोनच गोष्टी दाखवायच्या असतात.

6. किती कापता येते

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी नियम वेगळा आहे: पगाराचा फक्त एक-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, म्हणजे कमाल दोन-तृतीयांशपर्यंत कपात होऊ शकते. चोवीस महिन्यांनंतर कपात थांबण्याची जी अट कर्जाच्या वसुलीला आहे, ती पोटगीच्या तरतुदीत नाही.

आपल्या उदाहरणातील पतीचा पगार 36,000 रुपये आहे असे धरा. त्यातील 12,000 सुरक्षित आणि 24,000 ही कपातीची कमाल मर्यादा. चालू पोटगी 12,000 आणि थकबाकीचा हप्ता 10,000 असे 22,000 मागितले, तर ते मर्यादेत बसते. 1,27,000 ची थकबाकी बारा हप्त्यांत 1,20,000 फिटते आणि तेराव्या महिन्यात उरलेले 7,000 येतात. न्यायालये क्वचितच मर्यादेच्या टोकापर्यंत जातात, त्यामुळे 10,000 मागून 6,000 किंवा 7,000 चा हप्ता मिळाला तरी निराश होऊ नये. चालू पोटगी पूर्ण कापली जाणे जास्त महत्त्वाचे आहे.

इथे ठरलेली हरकत अशी असते की हातात पगारच उरत नाही, गृहकर्जाचा हप्ता जातो, पतसंस्थेची कपात जाते, विम्याचा हप्ता जातो. कलम 60 च्या स्पष्टीकरणात पगार म्हणजे नोकरीतून मिळणारे एकूण मासिक वेतन असे म्हटले आहे. ज्या भत्त्यांना शासनाने अधिसूचनेने सूट दिली आहे तेवढेच वगळले जातात. स्वतःहून घेतलेल्या कर्जांमुळे पगार कमी धरला जात नाही. भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी मात्र जप्तीपासून सुरक्षित आहे. पगारपत्रकातील कपातींपुढे सक्तीची की ऐच्छिक, असे लिहून तो कागद वकिलांकडे द्या. आदेश झाल्यानंतर पतसंस्थेचे नवे कर्ज काढलेले दिसले तर ती तारीख न्यायालयाच्या लक्षात आणून द्यावी.

7. कपातीचा आदेश झाल्यावर गाफील राहू नका

आदेशाची प्रत न्यायालयाकडून टपालाने जाते, पण तिच्यावर विसंबून राहू नये. ती हमदस्त, म्हणजे स्वतःच्या हाताने, नेण्याची परवानगी मागा, स्वतः किंवा वकिलांच्या कारकुनामार्फत कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. पुढे पगार काढणाऱ्याने आदेश मिळालाच नाही म्हटले, तर हा आवक क्रमांकच कामी येतो. आदेश मिळूनही कपात न करता पूर्ण पगार दिला, तर ती रक्कम भरून देण्याची जबाबदारी मालकावर येते, असे नियम 48 आणि 48-अ दोन्हींत आहे. एवढे वाक्य असलेले स्मरणपत्र दिल्यावर लेखा विभाग साधारणतः हालचाल करतो.

नियमाप्रमाणे कापलेली रक्कम न्यायालयात जमा होते आणि ती काढण्यासाठी दर वेळी अर्ज द्यावा लागतो. म्हणून कपात थेट तुमच्या खात्यात जमा व्हावी, अशी विनंती मूळ अर्जातच करा.

सरकारी कर्मचाऱ्याची बदली झाली की कपात तुटण्याची शक्यता असते. बदलीच्या वेळी निघणाऱ्या अंतिम वेतन प्रमाणपत्रात न्यायालयीन कपातीची नोंद झाली तर नवे कार्यालय ती पुढे चालवते. बदलीची कुणकुण लागताच जुन्या कार्यालयाला या नोंदीसाठी लेखी पत्र द्यावे.

निवृत्तिवेतनाबाबतही एक गोष्ट नागपूरकरांना माहीत असावी. निवृत्तिवेतनाला जप्तीपासून संरक्षण आहे असे सांगून पोटगी टाळली जाते. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये पत्नीच्या पोटगीसाठी निवृत्तिवेतनातून वसुली करता येते असा निर्णय दिला आहे.

8. नोटीस, वॉरंट आणि त्यांचा क्रम

अर्ज दाखल झाल्यावर आधी नोटीस निघते. नोटीस मिळूनही पती हजर झाला नाही, तर हजेरीसाठी जामीनपात्र आणि नंतर अजामीनपात्र वॉरंट निघते. याखेरीज वसुलीचे जप्ती वॉरंट असते. ही दोन वॉरंटे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत महाग पडते: हजेरीच्या वॉरंटवर पती न्यायालयात आला, जामिनाची पूर्तता केली आणि पुढची तारीख घेऊन गेला, तर तुमच्या हाती एक रुपयाही आलेला नसतो. म्हणून तो ज्या दिवशी हजर होईल त्या दिवशी थकबाकीचा अद्ययावत तक्ता तयार ठेवा आणि त्याच दिवशी काही रक्कम भरण्याचा आदेश मागा.

कैदेची शिक्षा कलमाच्या शब्दांप्रमाणे जप्ती वॉरंटची अंमलबजावणी होऊनही जी रक्कम उरते तिच्यासाठी आहे. पहिल्याच पायरीवर थेट अटक व कैद मागणारे अर्ज आणि त्यावर झालेले आदेश या कारणावरून वरच्या न्यायालयात टिकत नाहीत, आणि मग वर्षभराची मेहनत पुन्हा मागे जाते.

वॉरंट पतीच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात जाते आणि अनेकदा "दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही" या शेऱ्यासह परत येते. ठाण्यातील वॉरंटचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटून पतीचे अलीकडचे छायाचित्र, गाडीचा क्रमांक, कामाची पाळी आणि घरी असण्याची वेळ लिहून द्या. पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचा अर्ज न्यायालयात देऊन वॉरंट त्या ठाण्याकडे नव्याने काढून घ्या. जुन्याच पत्त्यावर वॉरंट पुन्हा पुन्हा जाऊ देण्यात काही अर्थ नाही. प्रकरणाची पुढची तारीख services.ecourts.gov.in या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक टाकून पाहता येते, पण वॉरंट प्रत्यक्षात निघाले की नाही हे न्यायालयाच्या कार्यालयातच विचारावे लागते. आदेश झाला आणि वॉरंट टंकलिखित होऊन सहीसाठी गेलेच नाही, असेही घडते.

9. कैदेची मागणी करण्यापूर्वी

कैद एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी रक्कम भरेपर्यंत असते. एका अर्जामागे एकच महिना की थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिना, यावर उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. पण एक गोष्ट पक्की आहे: कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात कैद हे वसुलीचे साधन आहे, परतफेड नव्हे, असे म्हटले आहे. "जाऊन येतो महिनाभर, मग हिशेब संपला" असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

तरीही पगारदार पतीच्या बाबतीत, विशेषतः सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत, कैद तुमच्याच अंगावर येऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांप्रमाणे कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असे मानले जाते. निलंबनात त्याला पूर्ण पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो, आणि निलंबित सरकारी कर्मचाऱ्याचा निर्वाह भत्ता कलम 60 प्रमाणे जप्तीपासून सुरक्षित आहे. म्हणजे ज्या पगारातून दरमहा कपात होणार होती, तोच हातातून निसटतो. म्हणून वॉरंटची भीती दाखवून पैसे काढावेत, पण कपात सुरू होण्याआधी कैदेचा हट्ट धरू नये.

पती जाणूनबुजून नोकरी सोडून बसला असेल, किंवा व्यवसाय करत असून उत्पन्न लपवत असेल, तर गणित बदलते. तिथे कैदेची मागणी जोरात करावी आणि सोबत मालमत्ता शोधावी. काटोल, नरखेडकडे संत्र्याची बाग किंवा गावाकडे वाटणीची शेती असेल, तर सातबारा आणि आठ-अ चे उतारे काढून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारख्या वसुलीचे वॉरंट मागता येते. सातबारावर भाऊ, आई अशी अनेक नावे असतील तर वसुली पतीच्या हिश्श्यापुरतीच होते, हे लक्षात घेऊनच अपेक्षा ठेवा. दुचाकीची जप्ती कागदावर सोपी दिसते, पण कर्जावर घेतलेल्या जुन्या गाडीच्या लिलावातून काय येणार, याचा आधी विचार करावा.

10. पैसे देऊ लागल्यावर होणाऱ्या चुका

वॉरंट निघाले की पैसे येतात, पण बऱ्याचदा न्यायालयाच्या व्हरांड्यात, रोख आणि अर्धे. रोख घ्यावे लागलेच, तर त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, न्यायालयात द्या आणि त्यात रक्कम कोणत्या महिन्यांची आहे, ते लिहा. महिने लिहिले नाहीत, तर आलेली रक्कम जुन्या थकबाकीत धरायची की चालू महिन्यात, यावर पुढे वाद होतो. पुरसीस समोरच्या वकिलांनी लिहून आणली असेल तर शेवटची ओळ दोनदा वाचा. "अर्जदाराची आता कोणतीही मागणी राहिलेली नाही" हे वाक्य तिथे असण्याची शक्यता असते. आपल्या उदाहरणात 40,000 रुपये मिळाले, तर पुरसिशीत ऑगस्ट 2024 चे 7,000, सप्टेंबर व ऑक्टोबरचे 24,000 आणि नोव्हेंबरपोटी 9,000 असे लिहावे आणि 87,000 रुपये बाकी असल्याचे त्याच कागदावर नमूद करावे.

पतीने पोटगी कमी करण्याचा अर्ज किंवा उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज दाखल केला, तर वसुली थांबवण्याची मागणी होते. केवळ अर्ज दाखल झाल्याने आदेश स्थगित होत नाही. स्थगितीचा लेखी आदेश दाखवावा, असे वसुली न्यायालयाला सांगा. स्थगितीच्या सुनावणीत तुमच्या वकिलांनी हजर राहून थकबाकीचा निदान काही भाग भरण्याची अट मागितली पाहिजे, आणि ती रक्कम जमा झाली की ती काढण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.